खुर्चीत बसलेल्याची नाडी घाट चढणाऱ्याच्या पुढे का जाते?

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे निघाले की वाघबीळ सोडल्यावर रस्ता चढू लागतो. गड भोवतालच्या सपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. पोलीस उपनिरीक्षकपदाची तयारी करणारा बावीस वर्षांचा एखादा तरुण हा घाट झपझप पावले टाकत चढला, तर त्याची नाडी मिनिटाला १२०च्या आसपास जाते. समजा, काही महिन्यांनी तोच तरुण मुलाखतीच्या दालनाबाहेर बसला आहे. त्याचे नाव पुकारले जाते आणि मनगटावरचे घड्याळ १३० दाखवते. अंगाला काडीचे श्रम नाहीत, तरी ठोके घाटापेक्षा जास्त.

यावरचे उत्तर आपल्याकडे ठरलेले आहे : पोरगा घाबरला. त्यामागोमाग सल्लाही येतो. आत्मविश्वास वाढव, व्यायाम वाढव, तयारी कमी पडली असेल ती पुरी कर. हे सगळे ऐकायला पटते, पण ते उथळ आहे आणि त्यामुळे अनेक तयार मुलांचे नुकसान होते. छातीतली धडधड म्हणजे आपण नालायक असल्याचा पुरावा, असे समजून ती आत जातात.

खरी गोष्ट वेगळी आहे. नाडी म्हणजे झालेल्या कामाची मजुरी नव्हे. पुढच्या कामासाठी मेंदूने आधीच घेतलेली ती उचल आहे. व्यायामात ती उचल स्नायू लगेच कामी लावतात आणि जास्त झाली असेल तर परत करायला लावतात. मुलाखतीत, भाषणात किंवा परीक्षेत ती तपासणारे कोणीच नसते. म्हणूनच बसल्या जागी ठोके घाटाच्या पुढे जाऊ शकतात. त्यावरून माणसाची लायकी तर ठरत नाहीच, पण त्याची भीतीसुद्धा नीट मोजता येत नाही.

१. घाट किती मागतो

आधी हिशेब मांडू. चढ दर शंभर मीटरला सात मीटर आणि चालण्याचा वेग ताशी साडेचार किलोमीटर धरला, तर व्यायामशास्त्रातल्या रूढ सूत्रानुसार शरीराला दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू लागतो. ६० किलोच्या तरुणाला म्हणजे मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास.

या तरुणाची विश्रांतीची नाडी ७० आहे. त्याच्या वयाला जास्तीत जास्त नाडी साधारण १९३ येते (वयाची ०.७ पट २०८ मधून वजा करायची). त्याची दमदारी चांगली, म्हणजे किलोमागे मिनिटाला ४५ मिलिलिटर प्राणवायू वापरण्याइतकी धरू. मग हा चढ त्याच्या राखीव ताकदीचा सुमारे चाळीस टक्के भाग वापरतो आणि नाडी १२०वर येऊन थांबते. व्यायाम करताना प्राणवायूची गरज आणि ठोके बऱ्यापैकी एका सरळ रेषेत वाढतात, म्हणून हा अंदाज बांधता येतो.

२. खुर्ची किती मागते

आता दालनाबाहेरची खुर्ची. बसून बोलायला विश्रांतीच्या दीडपट प्राणवायू पुरतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३०० मिलिलिटर. घाटाच्या एक चतुर्थांश. वरच्याच रेषेवर हा आकडा ठेवला तर नाडी ७५च्या आसपास हवी. घड्याळात मात्र १३० आहेत. मधले ५५ ठोके शरीराने मागितलेलेच नाहीत.

हे ‘जादा ठोके’ नुसते कागदावरचे नाहीत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल ऑब्रिस्ट यांनी १९७०च्या दशकात दाखवले, की एरवी स्नायूंच्या कामाशी बांधलेले हृदय काही प्रसंगी त्यापासून सुटे होते. समोर आव्हान असते, प्रयत्न केला तर निभावेल असे वाटते, पण खात्री नसते, तेव्हा हे घडते. पुढे १९८०च्या दशकात रिक टर्नर आणि डग्लस कॅरोल यांनी तरुणांना तोंडी गणिते सोडवायला आणि व्हिडिओ गेम खेळायला लावले आणि त्याच वेळी त्यांचा प्राणवायूही मोजला. त्याच लोकांच्या व्यायामातल्या आकड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा गणितात आणि खेळात ठोके प्राणवायूच्या मानाने कितीतरी जास्त वाढलेले आढळले.

मग हे जास्तीचे रक्त जाते कुठे? त्यातला मोठा वाटा हातापायांच्या स्नायूंकडे वळतो. तिथल्या रक्तवाहिन्या ॲड्रेनलिनमुळे सैल होतात, पण स्नायू काम करत नसल्यामुळे त्या रक्तातला प्राणवायू बराचसा न वापरताच हृदयाकडे परततो. त्वचेच्या रक्तवाहिन्या उलट आखडतात. फरक हाताने कळतो. घाट चढलेल्याचे तळहात गरम असतात, मुलाखतीला बसलेल्याचे गार आणि ओले.

३. पहिले शंभर ठोके आणि त्यापुढचे

हृदयाचा ठेका धरणारी ‘सायनस नोड’ नावाची छोटी गाठ उजव्या कप्प्यात असते. सगळ्या नसांचा प्रभाव औषधांनी काढून घेतला तर बाविशीतल्या माणसाची ही गाठ आपल्या आपण मिनिटाला सुमारे १०५ ठोके देते. विश्रांतीत नाडी ७० असते याचा अर्थ मेंदूकडून येणारी ‘व्हेगस’ ही नस तिला सतत मागे खेचत असते.

त्यामुळे नाडी १०५पर्यंत न्यायला मेंदूला जोर लावावा लागत नाही. व्हेगसची पकड सोडली की झाले. हे एक-दोन ठोक्यांच्या अवधीत होऊ शकते. नाव पुकारल्याबरोबर छातीत धस्स होते ते यामुळे. १०५च्या पुढे जायला मात्र दुसरी यंत्रणा लागते. सिंपथेटिक नसा हृदयात नॉरॲड्रेनलिन सोडतात, त्याचा परिणाम काही सेकंदांनी दिसू लागतो. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, त्याला आणखी थोडा वेळ लागतो आणि ते ओसरायलाही काही मिनिटे जातात.

या दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत हे हृदयारोपण झालेल्या रुग्णांत दिसते. नवे हृदय बसवताना नसा तोडाव्या लागतात. अशा माणसाची नाडी विश्रांतीतही ९० ते ११० असते, आणि धक्कादायक बातमी ऐकली तरी ती लगेच उसळत नाही. रक्तातून ॲड्रेनलिन पोहोचेल तशी ती हळूहळू चढते.

घाट चढतानाही हेच दोन टप्पे येतात. पण रसायनांचे प्रमाण बदलते. जोएल डिम्सडेल आणि जोनाथन मॉस यांनी १९८०मध्ये तरुण डॉक्टरांचे रक्त दोन प्रसंगी तपासले, सहकाऱ्यांपुढे भाषण करताना आणि व्यायाम करताना. भाषणात ॲड्रेनलिन दुप्पट झाले, व्यायामात नॉरॲड्रेनलिन तिप्पट. भाषणाच्या वेळी हात कापतात, घशाला कोरड पडते आणि तितकेच ठोके असूनही घाटात तसे होत नाही, त्यातला एक धागा इथे आहे.

४. दुरुस्ती कोण करणार?

युक्तिवादाचा गाभा इथे आहे. धावण्याच्या शर्यतीत शिट्टी वाजण्याआधीच ठोके वाढलेले असतात; म्हणजे व्यायामातही मेंदू अंदाजानेच सुरुवात करतो. पण पाय हलू लागले की स्नायूंतल्या बारीक नसा मेंदूला सतत खबर देतात : इतका ताण आहे, इतका कचरा साचला आहे. रक्तवाहिन्यांतले दाब ओळखणारे भाग आपली खबर देतात. काही मिनिटांत नाडी खऱ्या गरजेवर येऊन स्थिरावते. वेग कमी केला तर तीही उतरते.

मुलाखतीत ‘काम’ स्नायूंचे नसते. मंडळातल्या सदस्याच्या कपाळावर आठी पडली, तर त्या आठीला किती प्राणवायू लागेल हे कोणती नस सांगणार? खबरच नाही, म्हणून मेंदूचा पहिला, जास्तीचा अंदाज तसाच चालू राहतो. तो मोडतो फक्त अनुभवाने. पहिला प्रश्न झाला, उत्तर दिले, काही भयंकर घडले नाही, हे कळल्यावर. भाषणांच्या अभ्यासात सर्वांत वरची नाडी बहुधा बोलायला सुरुवात करतानाच्या मिनिटात सापडते, आणि पुढच्या काही मिनिटांत बहुतेकांची उतरू लागते.

५. पाहणारे डोळे

मग सगळ्याच अवघड मानसिक कामांत असे व्हायला हवे. तसे होते, पण सारखे नाही. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३मध्ये क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी बसवली, ती आज जगभर वापरली जाते. माणसाला थोडा वेळ तयारीला देतात. मग मंडळापुढे उभे राहून, आपण या नोकरीला कसे योग्य आहोत, यावर पाच मिनिटे बोलायचे. नंतर पाच मिनिटे १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचे. चुकले की पुन्हा १०२२ पासून. मंडळाला सक्त ताकीद असते : हसायचे नाही, मान डोलवायची नाही.

सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४मध्ये अशा प्रकारचे २०८ प्रयोग एकत्र तपासले. कॉर्टिसोल हे ताणाचे सावकाश चढणारे संप्रेरक सर्वांत जास्त कधी वाढते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आले : दुसरे लोक आपल्याला जोखत आहेत आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की. काम कठीण असणे एवढेच पुरेसे नव्हते.

लेखी परीक्षा, मुलाखत आणि भाषण यांतला फरक यावरून उलगडतो. परीक्षेत जोखणारा समोर नसतो आणि पेपर हातात आला की पुढचे बरेचसे आपल्या हातात येते. त्यामुळे नाडी चढते ती मुख्यतः प्रश्नपत्रिका वाटली जाताना. मुलाखतीत जोखणारे टेबलापलीकडेच असतात आणि पुढचा प्रश्न त्यांच्याच हातात असतो.

६. कांबळवाडी आणि टोकियो

हालचाल न करता धडधड किती वाढते, हे पाहायला कोल्हापूरइतका योग्य जिल्हा नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे हे नेमबाज याच मातीतले. कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले.

या खेळात ५० मीटरवरच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गुडघ्यावर बसून आणि पोटावर झोपून नेम धरताना रायफलचा पट्टा दंडाला आवळलेला असतो. दंडातल्या रोहिणीचा प्रत्येक ठोका त्या पट्ट्यातून नळीपर्यंत पोहोचतो आणि नेम धरणाऱ्याला समोरचे वर्तुळ ठोक्यागणिक हलताना दिसते. जाड जाकीट त्याची धार कमी करते, पुरती घालवत नाही. अनुभवी नेमबाज चाप ओढतो तो बहुधा दोन ठोक्यांमधल्या शांत अवधीत, असे फिनलंडमधल्या संशोधकांना १९८०च्या दशकात आढळले होते. स्थिर बसलेल्या, कसलेल्या, जगातल्या उत्तम खेळाडूलाही धडधड होते. त्याने तिच्यासोबत काम करायला शिकलेले असते.

आकडे हवे असतील तर तिरंदाजीकडे वळावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये कॅमेऱ्याने चेहऱ्याच्या त्वचेतले सूक्ष्म रंगबदल टिपून तिरंदाजांची नाडी थेट पडद्यावर दाखवली गेली. महिलांच्या वैयक्तिक अंतिम सामन्यातल्या निर्णायक एका बाणाच्या वेळी कोरियाच्या आन सानची नाडी ११८ होती, रशियन संघाच्या येलेना ओसिपोवाची १६७. दोघीही उभ्या होत्या, दोघींनीही एकाच प्रकारचे धनुष्य ओढले होते. १६७ म्हणजे आपल्या बाविशीतल्या तरुणाला पन्हाळ्याचा घाट चांगल्या वेगाने पळत चढताना यावी इतकी नाडी.

७. आक्षेप

पहिला आक्षेप रास्त आहे : ही अतिशयोक्ती झाली. ट्रिअरच्या चाचणीत सरासरी वाढ साधारण १५ ते २५ ठोक्यांची असते. १३० किंवा १६७ सगळ्यांनाच गाठत नाहीत. हे खरे आहे. दावा इतकाच, की मध्यम व्यायामाची पातळी ओलांडली जाऊ शकते आणि अनेकांत ती ओलांडली जाते. जीव तोडून ८०० मीटर पळताना याच तरुणाची नाडी १९०च्या जवळ जाईल. मुलाखतीत तिथवर जाणे बहुतेक अशक्य.

दुसरा आक्षेप : दमदार माणसाला हे होत नाही. व्यायामाने विश्रांतीची नाडी खाली येते आणि प्रसंग संपल्यावर ती लवकर जागेवर येते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसते. पण ऐन वेळची उसळी व्यायामाने कमी होते का, यावर संशोधकांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. धावण्याच्या चाचणीत पहिला आलेला उमेदवार मुलाखतीत धडधडतो यात काही विसंगत नाही.

तिसरा : जास्त नाडी म्हणजे जास्त भीती आणि वाईट कामगिरी. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. टोकियोच्या १२२ तिरंदाजांच्या नोंदी तपासल्यावर, नाडी जास्त असताना गुण कमी पडत होते, असे दिसले. जिथे मिलिमीटरचा प्रश्न आहे तिथे ठोका आड येतोच. पण बोलणे आणि लिहिणे हे मिलिमीटरचे काम नाही. केनेथ होलरॉइड आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये परीक्षेला फार भिणारे आणि न भिणारे विद्यार्थी ताडून पाहिले. कामगिरीत फरक होता, मनातल्या विचारांत फरक होता. नाडीची वाढ मात्र दोन्हींकडे जवळपास सारखी. भिणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या धडधडीकडे आणि संभाव्य अपयशाकडे जात होते, न भिणाऱ्याचे कामाकडे. म्हणून ‘घाबरू नकोस’ हा सल्ला चुकीच्या जागी बोट ठेवतो. तो मुलाला पुन्हा छातीकडेच पाहायला लावतो.

चौथा आक्षेप गोळीचा. ठोके खाली आणणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या आहेत आणि वादक, वक्ते त्या घेतात. त्या हृदयावर ॲड्रेनलिनचा परिणाम होऊ देत नाहीत; त्यांतल्या काही स्नायूंवरही होऊ देत नाहीत, त्यामुळे हात कापणे कमी होते. नेमबाजीत त्यांना स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची दोन पदके प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली गेली. मुलाखतीला अशी बंदी नाही. पण दम्याच्या रुग्णाला ही गोळी धोक्याची ठरू शकते, काहींचा रक्तदाब खाली जातो. मित्राने दिलेली गोळी मुलाखतीच्या सकाळी पहिल्यांदा घेणे हा शुद्ध अविचार आहे.

८. हिशेब कळल्यावर काय बदलते

संथ श्वासाचा सल्ला सगळेच देतात, पण तो कधी आणि किती हे कोणी सांगत नाही. उच्छ्वास लांबवला की व्हेगसची पकड वाढते आणि नाडी त्या श्वासापुरती उतरते. श्वासाचा शरीरावरचा परिणाम मोजण्याचे काम महाराष्ट्रात लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४पासूनच सुरू केले होते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, त्यात उच्छ्वास लांब, एवढे पुरते. पण रक्तात उतरलेले ॲड्रेनलिन श्वासाने परत जात नाही. ते ओसरायला त्याचा वेळ द्यावा लागतो. म्हणून दाराशी उभे राहून दोन खोल श्वास घेण्याचा फारसा उपयोग नाही. नाव पुकारले जाण्याच्या पाच-सात मिनिटे आधीपासून, बसल्या जागी, हे चालू हवे.

नाडीचे शिखर पहिल्या मिनिटात असते, तर त्या मिनिटात नवा विचार करण्याची वेळ येऊ नये, ही तयारी हवी. स्वतःची ओळख, शिक्षण, गाव, आवडीचा विषय यांवरची पहिली तीन-चार वाक्ये तोंडात बसलेली असावीत. आणि सराव मित्रांपुढे नको. मित्र हसतात, मान डोलवतात, म्हणजे जोखणारे डोळेच तिथे नसतात. अनोळखी दोन-तीन माणसे, कोरा चेहरा, मध्येच तोडणारे प्रश्न असा सराव पुन्हा पुन्हा झाला, तर मेंदूचा जास्तीचा अंदाज मोडायला प्रत्यक्ष मुलाखतीची वाट पाहावी लागत नाही.

घड्याळाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. मनगटी घड्याळ त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशावरून ठोके मोजते. हात गार पडून त्वचेतले रक्त कमी झाले किंवा बोलताना हातवारे झाले की आकडा चुकतो. मानेपाशी किंवा मनगटावर दोन बोटे ठेवून तीस सेकंद मोजणे आणि दुप्पट करणे जास्त भरवशाचे.

९. हे ताणाचे नाही, असे कधी समजावे

ताणाची धडधड काही सेकंदांत चढते आणि प्रसंग टळल्यावर काही मिनिटांत हळूहळू उतरते. तिचा ठेका सरळ असतो. याउलट, कळ दाबल्यासारखी नाडी एकदम १५०च्या पुढे जाऊन स्थिर राहणे आणि तशीच एकदम पूर्ववत होणे, ठोके कमी-जास्त अंतराने पडणे, धडधडीबरोबर भोवळ किंवा छातीत दुखणे, ही लक्षणे वेगळी आहेत. त्यांत हृदयातल्या विजेच्या मार्गाचा दोष असू शकतो, आणि तो तरुण, निरोगी दिसणाऱ्या माणसातही सापडतो. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यात नुसत्या भाषणानेही अनियमित ठोके पडल्याचे लंडनमधल्या पीटर टॅगार्ट आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये नोंदवले होते.

अशा वेळी मुलाखतीच्या नावावर सगळे ढकलून देऊ नये. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्यावा आणि ती पट्टी जपून ठेवावी. धडधड थांबल्यावर काढलेल्या ईसीजीत बहुतेक वेळा काहीच सापडत नाही.